विश्लेषण : घरचा आरओ, २० लिटरचा जार की बाटली? पिण्याचे पाणी लिटरमागे नेमके कितीला पडते?

बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. २० लिटरच्या जारवर १२ टक्के कर होता, तोही ५ टक्के झाला. रेल्वेने त्याच दिवसापासून ‘रेल नीर’च्या एक लिटर बाटलीची किंमत १५ रुपयांवरून १४ रुपये केली. पाणी स्वस्त झाले म्हटल्यावर अनेक घरांत जुना प्रश्न पुन्हा निघतो. दरवर्षी आरओच्या फिल्टरवर तीन-चार हजार रुपये घालण्यापेक्षा सरळ जार लावलेला परवडेल का?

याचे उत्तर पैशांत काढता येते. मात्र त्यासाठी मशीनची किंमत बघून चालत नाही. फिल्टरवर वर्षाला किती जातात आणि घरात रोज किती लिटर पाणी लागते, या दोन आकड्यांवर सगळा हिशेब फिरतो.

बाटलीतले पाणी लिटरमागे कितीला?

पाणी तेच असले तरी ते कशात भरले आहे यावर दर बदलतो. रेल नीरचेच उदाहरण घ्या. एक लिटरची बाटली १४ रुपयांना आणि अर्ध्या लिटरची ९ रुपयांना. म्हणजे छोटी बाटली घेणाऱ्याला तेच पाणी लिटरमागे १८ रुपयांना पडते. दुकानात जी एक लिटरची बाटली २० रुपयांना मिळायची, तिच्यावरच्या करकपातीचा पूर्ण फायदा गिऱ्हाइकाला दिला तर किंमत १७ रुपये ८० पैसे येते.

नामांकित कंपनीचा सीलबंद २० लिटरचा जार घरपोच ९० रुपयांना मिळतो असे धरले तर लिटरला साडेचार रुपये होतात. गल्लीतल्या प्लँटवरून येणारा थंड पाण्याचा जार ४० रुपयांना धरला तर लिटरला दोन रुपये.

बाटलीच्या किमतीत पाण्याचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीचे पैसे प्लास्टिक, झाकण, लेबल, ट्रकचे भाडे, फ्रिजची वीज आणि दुकानदाराचे कमिशन यांचे असतात. बहुतेक बाटलीबंद पाणी बोअरवेलचे किंवा नळाचेच असते आणि तेही प्लँटमध्ये आरओतून काढूनच भरलेले असते. म्हणजे घरी आणि प्लँटमध्ये यंत्रणा जवळपास एकाच जातीची असते. तुलना करायची ती तेच काम घरी करून घ्यायला किती पडते याची.

घरच्या आरओचा हिशेब कसा मांडायचा?

चार माणसांचे घर घेऊ. पिणे, चहा आणि डाळ-भातासाठी मिळून रोज १२ लिटर पाणी मशीनमधून घेतले जाते. वर्षाला ४,३८० लिटर झाले. मशीन १४ हजारांचे आहे आणि ते सात वर्षे चालेल असे धरू. किमती कंपनीप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतात, त्यामुळे इथे मध्यम आकडे घेतले आहेत.

- मशीनची किंमत सात वर्षांत विभागून : वर्षाला २,००० रुपये
- बाहेरचा प्री-फिल्टर, २०० रुपयांची कँडल वर्षातून तीनदा : ६०० रुपये
- आतले सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर, वर्षातून एकदा : १,६०० रुपये
- मेम्ब्रेन २,६०० रुपयांचे, दोन वर्षांतून एकदा : वर्षाला १,३०० रुपये
- टेक्निशियनची फी : ५०० रुपये
- वीज, ६० वॉटचे मशीन रोज एक तास, म्हणजे वर्षाला सुमारे २२ युनिट : २२० रुपये
- नळाचे पाणी, हजार लिटरला १५ रुपये दराने : २६० रुपये

एकूण ६,४८० रुपये. याला ४,३८० लिटरने भागले की लिटरमागे १ रुपया ४८ पैसे येतात. याच घराने सीलबंद जार लावला असता तर वर्षाला २१९ जार लागले असते आणि ९० रुपयांप्रमाणे १९,७१० रुपये गेले असते. एक लिटरच्या बाटल्यांवर घर चालवायचे म्हटले तर १४ रुपयांच्या दरानेही ६१ हजारांच्या पुढे आकडा जातो.

चार माणसांच्या घराला आरओ स्वस्त पडतो, हे इथे स्पष्ट दिसते. पण विक्रेते कधी कधी ‘लिटरमागे काही पैसेच’ असे सांगतात, तसा तो नक्कीच पडत नाही. वीज आणि पाणी एवढेच मोजले तर ११ पैसे येतात. फिल्टर आणि मशीन धरले की तोच आकडा दीड रुपयावर जातो.

मग खरा खर्च कुठे होतो?

वरच्या यादीत प्री-फिल्टर, आतले फिल्टर, मेम्ब्रेन आणि टेक्निशियन यांची बेरीज ४,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाच्या खर्चातले साठ टक्क्यांहून अधिक पैसे देखभालीवर जातात. सात वर्षांत ही रक्कम २८ हजार होते, मशीनच्या किमतीच्या दुप्पट.

म्हणून दुकानात मशीन निवडताना किमतीवर घासाघीस करण्याआधी फिल्टरच्या पूर्ण संचाची आणि मेम्ब्रेनची किंमत विचारावी. दोन हजार रुपये स्वस्त असलेल्या मशीनचा फिल्टर संच वर्षाला हजार रुपयांनी महाग असेल, तर दोन वर्षांतच ती बचत संपते. बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या मापाचे फिल्टर बसतात का, की त्याच कंपनीचे घ्यावे लागतात, हेही आधीच विचारलेले बरे.

वार्षिक देखभाल करार म्हणजे एएमसी घेतानाही तोच भागाकार करायचा. पाच हजारांच्या करारात मेम्ब्रेन धरलेले असेल तर आपल्या उदाहरणातल्या घराला तो लिटरमागे १ रुपया १४ पैशांना पडतो. हीच देखभाल सुटी केली तर ९१ पैसे. म्हणजे निश्चिंतीसाठी लिटरला २३ पैसे जास्त. पण त्याच पाच हजारांत फक्त फिल्टर असतील आणि मेम्ब्रेनचे वेगळे बिल येणार असेल, तर तो करार महाग आहे. मेम्ब्रेन धरले आहे की नाही, हे करारात लेखी पाहावे.

फिल्टर बदलायला उशीर केला तर पैसे वाचतात का?

एक वर्ष आतले फिल्टर बदलले नाहीत तर १,६०० रुपये, म्हणजे लिटरमागे ३७ पैसे वाचल्यासारखे वाटतात. ही बचत टिकत नाही, कारण मशीनमधला प्रत्येक स्वस्त फिल्टर पुढच्या महागड्या भागाला सांभाळत असतो.

बाहेरची पांढरी कँडल गाळ आणि गंज अडवते. ती गच्च भरली की गाळ आतल्या सेडिमेंट फिल्टरकडे जातो आणि पंपावर ताण येतो. कार्बन फिल्टरचे काम पाण्याला वास येऊ न देणे एवढेच आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो नळाच्या पाण्यातला क्लोरीन शोषून घेतो. घरगुती आरओचे मेम्ब्रेन ज्या पातळ पॉलिअमाइडच्या थराचे असते, तो क्लोरीनने खराब होतो. कार्बन संपलेला असताना मशीन चालत राहिले तर दोन वर्षे टिकणारे मेम्ब्रेन वर्षभरातच जाऊ शकते.

तसे झाले की मेम्ब्रेनचा वर्षाचा खर्च १,३०० ऐवजी २,६०० रुपये होतो. वाचवलेल्या १,६०० मधले १,३०० तिथेच गेले. शिवाय मेम्ब्रेन खराब झाल्यापासून ते लक्षात येईपर्यंत जे पाणी प्यायले, ते नावापुरतेच शुद्ध होते. या साखळीत सर्वांत स्वस्त वस्तू २०० रुपयांची बाहेरची कँडल आहे. ती बहुतेकांना घरी स्वतः बदलता येते आणि तीच वेळेवर बदलणे सर्वांत फायद्याचे ठरते.

टेक्निशियन म्हणतो मेम्ब्रेन गेले. खरे की खोटे, कसे ओळखायचे?

दोन-चारशे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर इथे कामाला येतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. नवे मेम्ब्रेन यातले नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त क्षार काढून टाकते. मात्र बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते, त्यामुळे प्रत्येक घरात शुद्ध पाण्याचा आकडा वेगळा येतो. नवे मेम्ब्रेन बसवल्याच्या आठवड्यात नळाच्या आणि मशीनच्या पाण्याचा टीडीएस मोजून मशीनवरच लिहून ठेवावा. पुढे दर महिन्याला त्याच्याशी ताडून पाहावे.

समजा सुरुवातीला नळाचे पाणी ६०० आणि मशीनचे ७० होते. सहा महिन्यांनी नळाचे ६०० आणि मशीनचे ७५ असेल तर मेम्ब्रेन ठीक आहे. मशीनचे पाणी दीडशेवर गेले असेल आणि आकडा दर महिन्याला वाढतच असेल, तर मेम्ब्रेनची वेळ आली आहे. टीडीएस पूर्वीइतकाच आहे पण टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो, अशी स्थिती असेल तर आधी प्री-फिल्टर आणि आतले फिल्टर तपासायला सांगावे. अनेकदा ते चोंदलेले असतात आणि मेम्ब्रेन न बदलता काम भागते.

कार्बन फिल्टर संपला का, हे मात्र टीडीएस मीटर सांगू शकत नाही. त्यासाठी गावोगावी नळाच्या पाण्यातला क्लोरीन पाहायला वापरतात ती ओटी टेस्ट चालते. मशीनमधून बाहेर टाकले जाणारे पाणी कार्बन फिल्टरमधून गेलेले असते. त्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत पोहोचतो आहे, म्हणजे कार्बन संपला आहे. तपासलेले पाणी ओतून द्यायचे, प्यायचे नाही. पालिकेचे क्लोरीन टाकलेले पाणी येत असेल तिथेच ही चाचणी उपयोगी आहे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतोच.

एका प्रयोगापासून सावध राहिले पाहिजे. काही विक्रेते दोन ग्लासांत धातूच्या कांड्यांचे उपकरण बुडवतात आणि वीज सुरू करतात. नळाचे पाणी क्षणात तपकिरी, गढूळ होते आणि आरओचे स्वच्छ राहते. ‘बघा, तुम्ही काय पिता’ असे सांगून मशीन किंवा नवे मेम्ब्रेन विकले जाते. तो तपकिरी रंग मुख्यतः त्या उपकरणातल्या लोखंडी कांडीतून सुटलेल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि लोखंड विरघळते. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि रंगही येत नाही. आरओच्या स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग करायला सांगा, तेही तसेच तपकिरी होईल.

वाया जाणारे पाणी हिशेबात धरायचे का?

धरायलाच हवे, आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत तर आधी धरायला हवे. साधा घरगुती आरओ एक लिटर पिण्याचे पाणी देताना सुमारे तीन लिटर बाहेर टाकतो. आपल्या उदाहरणात ४,३८० लिटर पिण्यासाठी मशीनने १७,५२० लिटर पाणी घेतले. पालिकेच्या नळाचे होते म्हणून त्याचे २६० रुपयेच झाले.

आता हेच घर पुण्याच्या वाघोलीसारख्या भागातल्या सोसायटीत आहे असे समजू, जिथे टँकर घ्यावा लागतो. दहा हजार लिटरचा टँकर १,५०० रुपयांना धरला तर एका लिटरला १५ पैसे होतात. मशीनला लागणाऱ्या पाण्याचे बिल २६० वरून २,६२८ रुपयांवर जाते. वर्षाचा एकूण खर्च ८,८४८ रुपये आणि पिण्याचे पाणी लिटरमागे सुमारे २ रुपये २ पैसे.

हा खर्च घरच्या हिशेबात दिसत नाही, कारण तो सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये मिसळलेला असतो. फेकले जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा संडासात टाकायला वापरले, तर तेवढे टँकरचे पाणी वाचते. रोजचे ३६ लिटर म्हणजे वर्षाला तेरा हजार लिटरच्या वर, या दराने जवळपास १,९७० रुपये. त्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे कुंड्यांना ते रोज घालू नये.

घरात एक-दोनच माणसे असतील तर?

इथे गणित उलटते. एकट्या राहणाऱ्या माणसाला रोज तीन लिटर लागतात असे धरू, म्हणजे वर्षाला १,०९५ लिटर. मशीनचे २,००० आणि देखभालीचे ४,००० रुपये मात्र तेवढेच राहतात. कमी वापर म्हणून कार्बन फिल्टर कितीही वर्षे चालतो असे नाही. पाणी साचून राहिलेल्या फिल्टरमध्ये जंतू वाढू शकतात, म्हणून तो ठरावीक काळाने बदलावाच लागतो. एएमसीही वापरलेल्या लिटरवर नसते, ती वर्षाच्या हिशेबाने असते.

वीज-पाणी धरून एकट्याचा खर्च सुमारे ६,१२० रुपये होतो, लिटरमागे ५ रुपये ५९ पैसे. सीलबंद जार साडेचार रुपयांना मिळत असेल तर त्याला जारच स्वस्त आहे. रोज सहा लिटर वापरणाऱ्या दोघांना आरओ २ रुपये ८५ पैशांना पडतो, म्हणजे जारपेक्षा स्वस्त.

या आकड्यांवरून सीमारेषा काढता येते. रोजचा वापर साधारण चार लिटरच्या खाली असेल तर ९० रुपयांचा सीलबंद जार परवडतो, त्याच्या वर गेला की आरओ. गल्लीतल्या ४० रुपयांच्या जारशी तुलना केली तर ही रेषा रोज नऊ लिटरच्या जवळ जाते. पण ती तुलना समान वस्तूंची नाही. सील नसलेल्या, रोज भरून फिरणाऱ्या जारवर भरल्याची तारीख, परवाना क्रमांक काहीच नसते आणि जार किती वेळा धुतला तेही कळत नाही. निदान त्या पाण्याचा टीडीएस स्वतः मोजावा, आणि तो घरच्या नळाइतकाच आला तर आपण फक्त थंड केलेल्या पाण्याचे पैसे देत आहोत हे समजून घ्यावे.

मुळात आरओ हवाच का?

लिटरमागचा खर्च निम्म्यावर आणणारा प्रश्न हाच आहे. आरओचे खास काम विरघळलेले क्षार काढण्याचे आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे. पाण्याचा टीडीएस त्याहून कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. त्यामागे वाया जाणाऱ्या पाण्याचेच कारण होते.

मुंबईचे तलावांचे आणि पुण्यातले खडकवासल्याचे नळाचे पाणी या मर्यादेच्या बरेच खाली असते. अशा पाण्यात भीती क्षारांची नसते, ती जुन्या पाइपांतून किंवा टाकीतून येणाऱ्या जंतूंची असते. त्यासाठी यूव्ही किंवा यूएफ मशीन पुरते. त्यात आरओचे मेम्ब्रेन नसते आणि पाणी वाया जात नाही.

८,४०० रुपयांचे यूव्ही मशीन सात वर्षे धरले तर वर्षाला १,२०० रुपये, फिल्टर, दिवा आणि टेक्निशियन मिळून २,०००, वीज १००, पाणी ६६. एकूण ३,३६६ रुपये आणि चार माणसांच्या घराला लिटरमागे सुमारे ७७ पैसे. आरओच्या जवळपास निम्मे.

बोअरचे पाणी असेल, टीडीएस ५०० च्या वर असेल किंवा त्या भागात फ्लोराइड, नायट्रेटची तक्रार असेल, तर आरओ लागतोच. ही दोन्ही द्रव्ये टीडीएस मीटरवर वेगळी दिसत नाहीत. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

तुमच्या घरचा आकडा कसा काढाल?

एक आठवडा मशीनमधून घेतलेले पाणी बाटलीच्या मापाने मोजा आणि रोजची सरासरी काढून ३६५ ने गुणा. मशीनच्या किमतीला सातने भागा. गेल्या दोन वर्षांत फिल्टर, मेम्ब्रेन आणि टेक्निशियनला दिलेल्या पैशांची बेरीज करून ती निम्मी करा. वीज आणि नळाच्या पाण्याचे म्हणून लिटरमागे ११ पैसे धरा, टँकर असेल तर ६५ पैसे. मशीन आणि देखभालीच्या बेरजेला वर्षाच्या लिटरने भागून त्यात हे पैसे मिळवले की तुमचा दर आला.

हा दर दोन रुपयांच्या आत असेल तर करकपातीनंतरही सीलबंद जार किंवा बाटली त्याच्या जवळ येऊ शकत नाही. साडेचारच्या वर असेल तर दोन गोष्टी तपासा. एकतर मशीन तुमच्या वापरापेक्षा मोठे आहे, नाहीतर दर भेटीत गरज नसलेले काहीतरी बदलले जात आहे. दुसऱ्या बाबतीत पुढच्या वेळी टेक्निशियन दारात आला की टीडीएसचा आकडा त्याच्यासमोर मोजा, आणि मगच मेम्ब्रेनचे बोला.